रस्त्यांना नावे नसलेल्या शहरात प्लॉट कसा शोधावा : सेक्टर आणि ब्लॉक क्रमांकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्त्यात रस्त्याचे नावच नाही. असा पत्ता पुरा कसा समजायचा?

जुन्या शहरात आधी वाट पडते, वाटेच्या कडेने घरे उभी राहतात आणि त्या वाटेला लोकांच्या तोंडून नाव मिळते. नियोजित शहरात हा क्रम उलटा असतो. तिथे आधी कागदावर नकाशा तयार होतो, नकाशावर भूखंड आखले जातात, भूखंडांचे वाटप होते आणि रस्ता प्रत्यक्षात पुष्कळदा त्यानंतर तयार होतो. वाटपपत्र हाती पडते तेव्हा समोर मोकळे माळरान असते, त्यामुळे भूखंडाची ओळख रस्त्याच्या नावाने देणे शक्यच नसते. ती नकाशावरील क्रमांकाने दिली जाते आणि पुढे तोच क्रमांक टपालाचा पत्ता होतो.

म्हणून अशा पत्त्यात काही राहून गेलेले नसते, फक्त तो वेगळ्या रीतीने वाचावा लागतो. 'घर क्रमांक अमुक, सेक्टर ३५-सी, चंडीगड' हा पत्ता उजवीकडून डावीकडे उलगडत जातो : आधी शहर, मग सेक्टर, मग सेक्टरचा भाग किंवा ब्लॉक आणि शेवटी घर. प्रत्येक पायरीला शोधाचे क्षेत्र लहान होत जाते. रस्त्याचे नाव एक रेघ दाखवते, तर सेक्टरचा क्रमांक एक चौकोन दाखवतो, आणि पाहुण्याने रेघ शोधायची सवय सोडून चौकोन शोधायची सवय लावली की निम्मे काम झाले.

सेक्टरचा क्रमांक पाहून तो कोणत्या दिशेला आहे हे कळते का?

काही शहरांत कळते, काही शहरांत थोडे गणित केल्यावर कळते आणि काही शहरांत मुळीच कळत नाही. माझ्या मते पाहुण्याने सर्वांत आधी हाच उलगडा करून घ्यावा, कारण चुकीच्या शहरात योग्य गणित लावले तरी माणूस भलतीकडेच पोहोचतो.

पहिल्या प्रकारात क्रमांक म्हणजे आलेखातील बिंदूसारखा असतो. त्याचा एक भाग आडवी जागा सांगतो आणि दुसरा उभी. इस्लामाबाद आणि ब्राझिलिया ही याची ठळक उदाहरणे आहेत. दुसऱ्या प्रकारात क्रमांक म्हणजे एका लांब दोऱ्यावरचे मणी असतात : दोरा ओळीओळीने फिरतो आणि त्याची चाल समजली तर कोणता मणी कुठे असेल हे सांगता येते. चंडीगड या प्रकारात मोडते. तिसऱ्या प्रकारात क्रमांक ही केवळ ओळख असते. शेजारी शेजारी असलेल्या सेक्टरांचे क्रमांक जवळपासचे निघतील, पण त्यावरून अंतर किंवा दिशा ठरवता येणार नाही. नवी मुंबईतील सेक्टर बव्हंशी असे आहेत.

चंडीगडमध्ये ही चाल नेमकी कशी आहे?

ले कॉर्बुझिए यांनी १९५१ मध्ये आखलेल्या आराखड्यात सेक्टर हा साधारण ८०० मीटर गुणिले १२०० मीटरचा आयत आहे. पहिल्या टप्प्यात सेक्टर १ ते ३० आणि दुसऱ्या टप्प्यात ३१ ते ४७ आले, आणि मूळ आराखड्यात १३ हा क्रमांक वगळलेला होता. क्रमांक डोंगराच्या बाजूने सुरू होतात आणि जसजसे डोंगरापासून दूर जावे तसतसे वाढतात, इतके बहुतेकांना ठाऊक असते. त्यांची ओळीतील चाल मात्र फार थोडे जण लक्षात घेतात.

शेतात नांगराचे तास घालताना बैल बांधापर्यंत जातात, तिथे वळतात आणि पुढचे तास उलट दिशेने काढतात. चंडीगडच्या सेक्टरांचे क्रमांक तसेच चालतात. डोंगराजवळच्या ओळीत २, ३, ४, ५, ६ असे एका दिशेने जातात. ६ नंतर क्रमांक वळतो आणि ७ हा ६ च्या समोर येतो, मग ८, ९, १०, ११, १२ असे उलट दिशेने परत येतात. १२ नंतर पुन्हा वळण येते, १४ हा १२ च्या समोर बसतो आणि १५, १६, १७, १८, १९ असे पुन्हा पहिल्या दिशेने निघतात. १९ च्या पलीकडे २०, आणि तिथून २५ पर्यंत पुन्हा उलट.

या वळणांमुळे एक सोयीची गोष्ट घडते. एका ओळीत क्रमांक एकेकाने वाढत असतात तेव्हा समोरच्या ओळीत ते एकेकाने कमी होत असतात, त्यामुळे समोरासमोरच्या दोन सेक्टरांची बेरीज सगळीकडे सारखी येते. पहिल्या दोन ओळींत ही बेरीज १३ आहे : २ समोर ११, ३ समोर १०, ४ समोर ९, ५ समोर ८, ६ समोर ७. मध्य मार्ग या मोठ्या रस्त्याच्या दोन बाजूंना ती २६ आहे : १२ समोर १४, ११ समोर १५, १० समोर १६, ९ समोर १७, ८ समोर १८, ७ समोर १९. त्याच्या पुढच्या जोडीत ती ३९ आहे : १९ समोर २०, १८ समोर २१, १७ समोर २२ आणि तसेच पुढे १४ समोर २५ पर्यंत.

या बेरजा १३ च्या पटीत येतात, म्हणून याभोवती बऱ्याच कथा रचल्या गेल्या आहेत. समोरासमोरची बेरीज कायम राहते ती केवळ नांगरणीच्या चालीमुळे. मधल्या जोडीत ती नेमकी २६ भरते, यालाही तेवढेच साधे कारण आहे : १३ वगळल्यामुळे १२ च्या समोर १३ न येता १४ आला. १३ ठेवला असता तर बेरीज २५ झाली असती आणि पाहुण्याचे काम तितकेच सोपे राहिले असते.

या बेरजेचा प्रत्यक्ष शोधताना काय उपयोग?

समजा आपण सेक्टर १७ मध्ये उभे आहोत आणि सेक्टर १० मध्ये जायचे आहे. क्रमांकांतला फरक ७ दिसतो, म्हणून सात सेक्टर ओलांडावे लागतील असे वाटेल. पण १७ हा १४ ते १९ च्या ओळीत आहे आणि १० हा ७ ते १२ च्या ओळीत, आणि या दोन ओळींमध्ये मध्य मार्ग आहे. बेरीज २६, म्हणजे १७ च्या थेट समोर २६ वजा १७, अर्थात ९. दहा हा ९ च्या लगतचा. म्हणून एक ओळ ओलांडायची आणि एक सेक्टर बाजूला सरकायचे, एवढेच. सेक्टरची एक बाजू ८०० आणि दुसरी १२०० मीटर असल्यामुळे एका सेक्टरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत रस्त्याने सुमारे दोन किलोमीटर अंतर होते.

बाजूला सरकायचे ते कोणत्या हाताला, हे चौक सांगतो. जन मार्ग आणि मध्य मार्ग जिथे मिळतात त्या मटका चौकाभोवती ९, १०, १६ आणि १७ हे चार सेक्टर आहेत. चौकात उभे राहून चारही फलक वाचले तर ९ आणि १७ समोरासमोर, १० आणि १६ समोरासमोर आणि दोन्ही जोड्यांची बेरीज २६ हे डोळ्यांना दिसते. एका चौकात चार क्रमांक मिळाले की त्या भागाची दिशा लागते, आणि तिथून पुढे होकायंत्राची गरज राहत नाही. नवख्या माणसाला मी नेहमी सांगतो की पहिल्या मोठ्या चौकात वाहन बाजूला घेऊन उतरावे आणि चारही क्रमांक वाचावेत. एकच फलक वाचून निघालेला माणूस दिशेबाबत अर्धा अंधारातच असतो.

ही बेरीज शहरभर चालते का?

चालत नाही, आणि ती कुठे मोडते हे ठाऊक असणे फार महत्त्वाचे आहे. २५ व्या सेक्टरनंतर दोरा सरळ पुढच्या ओळीत उतरत नाही. २६ ते ३० हे सेक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, १९ आणि २० च्या बाजूला आहेत. त्यामुळे ३१ वा सेक्टर त्या टोकाला येतो आणि ३१ ते ३८ ही ओळ २० ते २५ च्या ओळीच्याच दिशेने चालते. बैल बांधावर न वळता पुन्हा जुन्या टोकाला आणून जुंपावेत, तसे हे झाले.

दोन लगतच्या ओळी एकाच दिशेने चालल्या की बेरीज बदलत राहते, पण वजाबाकी कायम राहते. दक्षिण मार्गाच्या दोन बाजूंना पाहा : २० समोर ३३, २१ समोर ३४, २२ समोर ३५, २३ समोर ३६, २४ समोर ३७, २५ समोर ३८. प्रत्येक वेळी फरक १३ येतो. म्हणजे मध्य मार्ग ओलांडताना क्रमांक २६ मधून वजा करायचा आणि दक्षिण मार्ग ओलांडून डोंगरापासून दूर जाताना क्रमांकात १३ मिळवायचे. त्याच्या पुढे ३१ ते ३८ आणि ४० ते ४७ या ओळींमध्ये चाल पुन्हा वळते आणि समोरासमोरची बेरीज ७८ होते : ३५ समोर ४३, ३४ समोर ४४, ३६ समोर ४२.

याची खूण प्रत्यक्ष चौकातही मिळते. चौकाभोवतीच्या चार क्रमांकांत समोरासमोरच्या दोन्ही जोड्यांची बेरीज सारखी आली तर तिथे चाल वळलेली आहे, आणि दोन्ही जोड्यांचा फरक सारखा आला तर दोन्ही ओळी एकाच दिशेने चालत आहेत. हे पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि मग पुढचे गणित कोणते लावायचे याचा संशय राहत नाही.

नंतरच्या वाढीला मात्र हे नियम लावू नयेत. ४७ च्या पुढे ते सगळीकडे जुळतीलच असे नाही. मुळात वगळलेला १३ हा क्रमांक पुढे मणिमाजरा भागाला देण्यात आला, आणि तो भाग १२ व १४ च्या मध्ये नसून शहराच्या दुसऱ्याच टोकाला आहे.

इस्लामाबाद आणि ब्राझिलियात असे गणित करावे लागत नाही, ते का?

कारण तिथे क्रमांकाचे दोन भाग दोन वेगवेगळ्या दिशांना बांधलेले आहेत. ग्रीक नियोजनकार डॉक्सियादिस यांच्या १९६० च्या आराखड्यानुसार इस्लामाबादचा सेक्टर सुमारे दोन किलोमीटर गुणिले दोन किलोमीटरचा आहे. अक्षर मारगल्ला टेकड्यांपासूनचे अंतर सांगते : ई, एफ, जी, एच, आय असे टेकड्यांपासून दूर जात वाढते. अंक पश्चिमेकडे वाढतो. तिरक्या रेघेनंतरचा अंक सेक्टरचा चौथा हिस्सा दाखवतो. म्हणून 'एफ-७/२' मधून 'जी-९/१' कडे निघालेल्या माणसाला नकाशा न उघडताही कळते की एक ओळ टेकड्यांपासून दूर आणि दोन सेक्टर पश्चिमेला जायचे आहे, म्हणजे ढोबळ मानाने सहा किलोमीटर. तिथे सेक्टरच्या आतल्या गल्ल्यांनाही क्रमांक दिलेले आहेत.

लुसिओ कोस्टा यांच्या आराखड्यावर उभे राहिलेले ब्राझिलिया याहूनही काटेकोर आहे. तिथल्या निवासी चौकोनांना 'एसक्यूएस ३०८' असे संकेत असतात. शेवटचे अक्षर 'एस' असेल तर शहराचा दक्षिणेकडील भाग म्हणजे दक्षिण पंख, 'एन' असेल तर उत्तर पंख. पहिला अंक विषम म्हणजे १ किंवा ३ असेल तर मुख्य महामार्गाच्या पश्चिमेला, सम म्हणजे २ किंवा ४ असेल तर पूर्वेला. उरलेले दोन अंक ०२ पासून १६ पर्यंत असतात आणि मध्यवर्ती अक्षापासून किती दूर ते सांगतात. त्यामुळे ३०८ म्हणजे दक्षिण पंखात, महामार्गाच्या पश्चिमेला, साधारण अर्ध्या वाटेवर. चौकोनाच्या आत इमारतींना अक्षरे असतात.

या पद्धतीची एक बाजू मला विशेष मोलाची वाटते : शहर वाढले तरी जुना क्रमांक हलत नाही आणि नव्या सेक्टरला त्याचा क्रमांक जागेनेच मिळतो. याला एक मर्यादाही आहे. जमीन चौकटीत बसत नसेल, मध्ये टेकडी, खाडी किंवा जुने गाव असेल, तर अशी जाळी ओढून ताणून बसवावी लागते.

नवी मुंबईत 'सेक्टर १७' विचारले तर लोक 'कुठला?' असे का विचारतात?

कारण तिथे एकच सेक्टर १७ नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर एका सलग जाळीत न बांधता वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशा नोडांमध्ये बांधले आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांची मोजणी पुन्हा १ पासून सुरू केली. वाशीला सेक्टर १७ आहे आणि कोपरखैरणेलाही आहे. तिथे नोडचे नाव हाच पत्त्याचा पहिला अंक समजावा. ते नसेल तर बाकी सगळे क्रमांक बरोबर असूनही पत्ता निरुपयोगी ठरतो.

नोडच्या आतही सेक्टर एकसारख्या आकाराचे नाहीत, कारण खाडी, डोंगर, रेल्वेमार्ग आणि आधीपासूनची गावठाणे यांना सांभाळून ते आखले गेले आहेत. म्हणून तिथे चंडीगडसारखी बेरीज-वजाबाकी करत बसू नये. रेल्वेस्थानक, त्याची पूर्व किंवा पश्चिम बाजू आणि नंतर सेक्टर या क्रमाने जावे. तिथले लोक आपसांत पत्ता सांगताना नेमके हेच करतात.

एकाच क्रमांकाचे दोन सेक्टर शेजारच्या शहरांत असतील तर?

चंडीगडला लागूनच हरियाणात पंचकुला आहे आणि तिथलेही सेक्टर १ पासून मोजलेले आहेत. सेक्टर ९ दोन्हीकडे आहे. दुसऱ्या बाजूच्या मोहालीत आणखी वेगळी अडचण आहे : तिथे त्याच वस्तीला जुन्या सवयीने फेज क्रमांकाने आणि कागदोपत्री सेक्टर क्रमांकाने ओळखले जाते, आणि हे दोन क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. सांगणारा फेज सांगतो, शोधणारा सेक्टर समजतो, आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत अशी खात्री असते.

यावर उपाय एकच आहे. पत्ता घेताना शहराचे नाव आणि 'फेज' की 'सेक्टर' हा शब्द दोन्ही लिहून घ्यावेत, नुसता आकडा कधीही लिहून घेऊ नये.

मोठ्या रस्त्याने सेक्टरला पूर्ण फेरी मारली, तरी एकही घर क्रमांक दिसला नाही. असे का?

कारण घरे आतल्या बाजूला तोंड करून आहेत. चंडीगडच्या आराखड्यात वेगवान वाहतूक सेक्टरच्या बाहेरून जावी आणि आतला भाग शांत राहावा असा विचार होता. त्यासाठी रस्त्यांचे सात दर्जे ठरवले गेले आणि सेक्टरभोवतीच्या मोठ्या रस्त्यावर घरांची फाटके उघडू दिली नाहीत. सेक्टरमध्ये शिरायच्या जागा मोजक्याच असतात. एक प्रवेश चुकला तर पुढचा गाठेपर्यंत पुष्कळ अंतर जाते, म्हणून सेक्टर ओळखला की वेग कमी करून पहिल्याच प्रवेशाने आत वळावे. आत मध्यातून जाणारा बाजाराचा रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावरचे फलक सेक्टरचे ए, बी, सी, डी हे भाग दाखवतात. या अक्षरांचा क्रम मनाने ठरवू नये. आत शिरल्यावर पहिल्या दोन फलकांवरून तो पक्का करून घ्यावा.

ब्लॉकच्या आत प्लॉट क्रमांक सलग असतात का?

नकाशावर सलग असतात. चालताना मात्र ते सलग दिसतीलच असे नाही. या प्रश्नाने मला स्वतःला एकदा चांगलाच त्रास दिला. एका नियोजित वसाहतीत मला ४६ क्रमांकाचा प्लॉट शोधायचा होता. गल्लीत ३१, ३२, ३३ असे क्रमांक ओळीने लागत गेले, ४० क्रमांकाच्या फाटकाशी गल्ली संपली आणि पुढे उद्यानाची भिंत होती. समोरच्या बाजूला २१ ते ३० होते. ४१ कुठेच नव्हता. मी भिंतीपलीकडे जाऊन उद्यानाला वळसा घातला, शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरलो आणि अर्धा तास फिरल्यावर परत त्याच ४० क्रमांकाशी आलो.

४१ हा ४० च्या पाठीला पाठ लावून होता. प्लॉटच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून आखतात, मागच्या भिंती सामाईक असतात आणि क्रमांक ओळीच्या टोकाला वळून मागच्या गल्लीत परत फिरतात. म्हणजे सेक्टरांची जी नांगरणीची चाल चंडीगडमध्ये दिसते, तीच इथे प्लॉटच्या पातळीवर असते, आणि म्हणून बेरजेची युक्तीही इथे चालते. ४० आणि ४१ यांची बेरीज ८१. मग ३९ च्या मागे ४२, ३८ च्या मागे ४३, आणि ४६ च्या मागे ८१ वजा ४६ म्हणजे ३५. मी ३५ समोरून दोनदा गेलो होतो. मला हवे असलेले घर त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे होते.

रीत अशी लक्षात ठेवावी : गल्लीतील शेवटचा क्रमांक पाहावा, त्याची दुप्पट करून एक मिळवावा आणि त्यातून आपला क्रमांक वजा करावा. जे उत्तर येईल त्या प्लॉटच्या मागे आपला प्लॉट असण्याची शक्यता फार मोठी असते. ओळी सारख्या लांबीच्या असतील तेव्हाच हे नेमके जुळते. एका ओळीच्या टोकाला कोपऱ्याचा मोठा प्लॉट असेल किंवा मध्येच विजेच्या रोहित्राची जागा सोडलेली असेल, तर उत्तर एखाद्या घराने इकडेतिकडे होते. तरी गल्ली बरोबरच सापडते.

काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक असतात. तिथे ही युक्ती लागू नाही. पहिली दोन फाटके पाहिली की ते कळते : लगतच्या घरांत फरक दोनाचा असेल तर सम-विषम, एकाचा असेल तर वळणारी चाल.

'१२-अ' किंवा '१२/१३' अशा क्रमांकांचा अर्थ काय?

'१२-अ' म्हणजे बहुधा मूळ १२ क्रमांकाच्या प्लॉटचे विभाजन झाले आहे, किंवा मूळ आखणीत मोकळी सोडलेली जागा नंतर वाटपात आली आहे. विभाजनाचा प्लॉट १२ च्या लगत सापडतो. नंतर वाटलेला प्लॉट मात्र क्वचित ओळीच्या टोकाला किंवा कोपऱ्यावर असतो, कारण मोकळी जागा तिथेच उरलेली असते. '१२/१३' म्हणजे दोन प्लॉटचे एकत्रीकरण. अशा ठिकाणी फाटकावर दोनपैकी एकच क्रमांक लिहिलेला असू शकतो. १३ शोधताना ११, १२, १४ अशी उडी दिसली तर १२ च्या फाटकाशीच चौकशी करावी.

इथे एक वेगळी सूचना आवश्यक आहे. सर्व्हे क्रमांक किंवा गट क्रमांक हा शेतजमिनीच्या जुन्या नोंदीतील क्रमांक असतो आणि त्याचा सेक्टरमधील प्लॉट क्रमांकाशी काहीही संबंध नसतो. खरेदीखतावर दोन्ही असू शकतात. पत्ता शोधायला सर्व्हे क्रमांक वापरला तर तो ज्या जमिनीतून सेक्टर काढला त्या सबंध पट्ट्याकडे बोट दाखवील, घराकडे नाही.

मोबाइलवरील नकाशा असताना हे सगळे कशाला हवे?

नकाशाला सेक्टर कळतो, प्लॉट प्रत्येक वेळी कळतोच असे नाही. प्लॉटची नोंद नसेल तर नकाशा सेक्टरच्या मध्यावर खूण ठेवतो. तिथे पोहोचल्यावर बाजार किंवा मोकळी हिरवळ दिसली आणि एकही घर दिसले नाही, तर खूण प्लॉटची नसून सेक्टरची आहे हे ओळखावे. दुसरी खूण अशी की त्याच सेक्टरमधला दुसरा कोणताही प्लॉट क्रमांक टाकला तरी बाण त्याच जागी राहतो. निघण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.

नकाशाने सेक्टरच्या दारापर्यंत न्यावे आणि तिथून पुढे फाटकांवरचे क्रमांक वाचत जावे, ही वाटणी मला सर्वांत भरवशाची वाटते.

वाटेत कोणाला विचारायचे झाले तर प्रश्न कसा विचारावा?

'२१४ क्रमांक कुठे आहे?' असे विचारले तर उत्तर मिळणे अवघड, कारण माणसाला स्वतःचा आणि फार तर शेजाऱ्याचा क्रमांक पाठ असतो. त्याऐवजी 'आपला क्रमांक कोणता?' असे विचारावे. त्याचे उत्तर प्रत्येकाला येते. त्याने २०९ सांगितले तर आपण पाच घरांच्या अंतरात आहोत हे कळते, आणि 'क्रमांक कोणत्या बाजूला वाढत जातात?' एवढाच दुसरा प्रश्न उरतो. दुकानदार, इस्त्रीवाले आणि टपाल वाटणारे यांना ब्लॉकची अक्षरे आणि ओळींचे वळण नेमके माहीत असते, कारण रोज त्याच क्रमाने त्यांची फेरी होते.

पाहुण्याला आपला पत्ता देताना काय लिहावे?

शहर किंवा नोड, सेक्टर, ब्लॉकचे अक्षर आणि प्लॉट क्रमांक या चार गोष्टी अक्षर न अक्षर लिहाव्यात. त्यानंतर दोन ओळी आणखी द्याव्यात : सेक्टरमध्ये कोणत्या मोठ्या रस्त्याच्या बाजूने शिरायचे आणि आपल्या प्लॉटच्या पाठीला कोणता क्रमांक आहे. ही दुसरी ओळ सहसा कोणी देत नाही. वर सांगितलेल्या ४६ क्रमांकाच्या पत्त्याखाली 'हे घर ३५ च्या मागे, मागील गल्लीत आहे' एवढे लिहिलेले असते, तर मी पहिल्याच फेरीत गल्ली बदलली असती.